साबण की सॅनिटायझर? सहा चित्रांमागचा इतिहास



आजचा विषय आम्हाला एका भिंतीवर सापडला. काही महिन्यांपूर्वी एका शाळेत कार्यक्रमासाठी गेलो होतो. तिथे मुलांच्या बेसिनच्या वर हात धुण्याची सहा चित्रं लावलेली होती. तळहातावर तळहात, बोटांत बोटं, अंगठा मुठीत, वगैरे. शेजारी सॅनिटायझरची बाटली अडकवायचा स्टँड होता आणि त्यात एक रिकामी बाटली होती. नळाला पाणी होतं. साबणाची वडी मात्र नव्हती. आम्ही शिपाईकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो सर, पोस्टर आहे ना!"

हसू आलं खरं, पण घरी येईपर्यंत डोक्यात तीन प्रश्न घोळत राहिले. ही सहा चित्रं आली कुठून? ती कुठल्या रोगासाठी काढली गेली? आणि सर्दी, फ्लू, न्यूमोनिया अशा श्वसनाच्या रोगांपासून वाचायचं तर बेसिन भरवशाचं की बाटली? आज या तीन प्रश्नांच्या मागे जायचं आहे. हा इतिहास सरळ रेषेत जात नाही. एकदा बेसिन जिंकतं, एकदा बाटली जिंकते, आणि एकदा तर दोघंही हरतात. हार-जीत कुठल्या परिस्थितीत झाली ते बघितलं की उत्तर आपोआप हाती येतं.

हात धुण्याची गोष्ट म्हटली की सगळे सेमेलवाइस यांच्यापासून सुरुवात करतात. आपणही करू, पण तिथे रेंगाळायचं नाही. १८४७ सालचं व्हिएन्ना. प्रसूतिगृहात बाळंतिणी बाळंतज्वराने मरत होत्या. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात तर शंभरामागे अठरा. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी सरळ बाळंतिणींना तपासायला जात. मे महिन्यात सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि जूनमध्ये हा आकडा दोनच्या आसपास आला. आता यातली एक गोष्ट नेहमी निसटते, ती नीट बघा. ते डॉक्टर साबणाने हात धूत होतेच! सेमेलवाइस यांचं म्हणणं असं होतं की साबणाने धुऊनही हाताला प्रेताचा वास राहतो, म्हणजे काहीतरी चिकटून राहतं, म्हणून रसायन हवं. 'नुसतं धुणं पुरेसं की मारणारं रसायन हवं' हा वाद इथूनच चालत आला आहे. त्या खटल्यात रसायन जिंकलं. पण तो रोग श्वसनाचा नव्हता, हे ध्यानात ठेवा.

मग सर्दीचं काय? सर्दी हातातून पसरते हे कुणी सिद्ध केलं?

त्यासाठी आपल्याला अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात जावं लागेल, साल १९७३. तिथले हेंडली, वेन्झेल आणि ग्वाल्टनी हे डॉक्टर सर्दीच्या सगळ्यात नेहमीच्या विषाणूवर, म्हणजे ऱ्हायनोव्हायरसवर काम करत होते. त्यांनी एक मजेशीर निरीक्षण केलं. डॉक्टरांच्या साप्ताहिक व्याख्यानाला बसलेले लोक तासाभरात काय करतात ते गुपचूप मोजलं. साधारण तिघांपैकी एक जण नाकात बोट घालत होता, आणि जवळजवळ तितकेच डोळे चोळत होते. हे सगळे डॉक्टर बरं का! तुम्हीही आत्ता हात कुठे आहे ते बघा. (हशा)

मुद्दा असा की विषाणू बोटावर आला तर त्याला नाकाडोळ्यांपर्यंत आपणच पोचवतो. १९७८ साली याच गटाने पुढचा प्रयोग केला. सर्दी झालेल्या माणसांच्या हातांना निरोगी स्वयंसेवकांनी स्पर्श करायचा आणि मग स्वतःच्या नाकाडोळ्यांना बोट लावायचं. असा संपर्क झालेल्या पंधरांपैकी अकरा जणांना संसर्ग झाला. उलट, ज्यांना फक्त हवेतून संपर्क होऊ दिला त्यांच्यात जवळजवळ कुणालाच झाला नाही. निकाल स्पष्ट वाटला. सर्दी हातांनी पसरते, म्हणून हात धुवा.

पण इतिहास इतका सोपा नसतो. नऊ वर्षांनी, १९८७ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठात एलियट डिक यांच्या गटाने पत्त्यांचा डाव मांडला. अक्षरशः पत्त्यांचा! जोरदार सर्दी झालेली माणसं आणि निरोगी माणसं एकाच खोलीत बसून बारा तास पोकर खेळली. निरोगी खेळाडूंपैकी अठरा जणांना मोकळं सोडलं होतं, ते हवं तेव्हा तोंडाला हात लावू शकत होते. दुसऱ्या अठरा जणांना हाताला पट्ट्या बांधल्या किंवा गळ्याभोवती मोठी कॉलर घातली, म्हणजे हात तोंडापर्यंत पोचायलाच नको. मोकळ्यांपैकी बारा जणांना सर्दीचा संसर्ग झाला. बांधलेल्यांपैकी? दहा जणांना! म्हणजे हात बांधूनही फारसा फरक पडला नाही. मग त्यांनी ते शेंबडाने माखलेले पत्ते दुसऱ्या खोलीतल्या बारा निरोगी लोकांना खेळायला दिले आणि चेहऱ्याला हात लावायला सांगितलं. एकालाही संसर्ग झाला नाही.

आता यांपैकी कोण खरं? दोघंही. व्हर्जिनियाच्या प्रयोगात हाताला ताजा, ओला स्राव लागला आणि बोट लगेच नाकात गेलं. विस्कॉन्सिनमध्ये बंद खोलीत बारा तास एकमेकांचा श्वास घेतला गेला. हातांची वाट खरी आहे, पण ती एकटी नाही. हवेची वाट साबणाने बंद होत नाही आणि सॅनिटायझरनेही होत नाही. हे कबूल करूनच पुढे जायचं, नाहीतर आपण बाटलीकडून भलतीच अपेक्षा करू.

आता त्या सहा चित्रांकडे येऊ.

१९७८ हेच साल, पण जागा इंग्लंड. टेलर नावाच्या परिचारिकेने एक साधी युक्ती केली. रुग्णालयातल्या परिचारिकांना रंगीत द्रव देऊन सांगितलं, याने नेहमीसारखे हात धुवा. मग जिथे रंग लागला नाही ती जागा हाताच्या नकाशावर टिपली. रोज डझनावारी वेळा हात धुणाऱ्या बायका, पण बहुतेकींच्या हातावर कुठे ना कुठे कोरी जागा सापडली. आणि त्या जागा सगळ्यांच्या सारख्याच होत्या. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या खाचा. तळहात मात्र सगळ्यांचे छान रंगलेले. आपण हात धुतो म्हणजे खरं तर तळहात धुतो. आणि नाकात काय जातं? तळहात नाही, बोटाचं टोक जातं. म्हणजे नेमकी जी जागा रोग नेते, तीच जागा धुण्यातून सुटते.

त्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये ग्रॅहम एलिफ आणि त्यांचे सहकारी वेगवेगळी जंतुनाशकं हातावर तपासून बघत होते. अडचण अशी की प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने हात चोळतो. मग फरक औषधाचा की चोळण्याचा, हे कळणार कसं? म्हणून त्यांनी चोळण्याची ठरावीक रीत बांधली. सहा हालचाली, प्रत्येक हालचाल पाच वेळा, सगळं मिळून अर्धा मिनिट. तळहातावर तळहात, एका तळहाताने दुसऱ्या हाताची मागची बाजू, बोटांत बोटं अडकवून, बोटं वाकवून त्यांची पाठ दुसऱ्या तळहातावर, अंगठा मुठीत धरून गोल, आणि शेवटी बोटांची टोकं तळहातावर गोल. झाली की नाही आपली सहा चित्रं?

गंमत बघा. ही रीत लोकांना शिकवायला बनवली नव्हती, ती प्रयोगशाळेतल्या चाचणीचं माप म्हणून बनली. आणि ती जीवाणूंसाठी होती, सर्दीच्या विषाणूंसाठी नव्हे. पुढे ती रुग्णालयांत गेली, २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तकात आली, आणि तिथून आपल्या शाळेच्या भिंतीवर. आपल्याकडे तिचं देशी रूपही झालं, 'सुमन-के'. हिंदीतली आद्याक्षरं आहेत ती: सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. मराठीत सुलटा, उलटा, मूठ, अंगठा, नख इथपर्यंत 'सुमन' बरोबर जमते, फक्त कलाईचं मनगट होतं आणि 'के'ची पंचाईत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या चित्रांत मनगटाची वेगळी पायरी नाही, आपल्या सुमन-के मध्ये आहे. बांगड्या आणि घड्याळं घालणाऱ्या हातांना ती उपयोगी आहे.

या रीतीत एक खोट मात्र आहे. बोटांची टोकं, जी सगळ्यात महत्त्वाची, ती सगळ्यात शेवटी येतात. आणि माणूस कंटाळतो तोही शेवटीच! ग्लासगोतल्या एका रुग्णालयात २०१०च्या दशकात केलेल्या अभ्यासात डॉक्टर-परिचारिकांच्या समोर सूचनांचं कार्ड ठेवलं होतं. तरी सहाही पायऱ्या पूर्ण करणारे निघाले शंभरातले पासष्ट. ज्यांचा हा धंदा आहे त्यांची ही कथा, तर घाईत डबा उघडणाऱ्या मुलाचं काय? म्हणून आम्ही घरी क्रम उलटा केला आहे. आधी नखं आणि बोटांची टोकं, मग अंगठे, मग बाकीचं. मध्येच कुणी हाक मारली आणि सोडून जावं लागलं, तर सुटेल ते तळहाताचं सुटेल.

आता बाटली. अल्कोहोलने जंतू मरतात हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. युरोपातल्या काही देशांत शस्त्रक्रियेआधी अल्कोहोल चोळायची पद्धत जुनीच आहे. पण रुग्णालयात रोजच्या वापरात ती बाटली आली ती गेल्या तीसेक वर्षांत, आणि त्याचं कारण रसायनापेक्षा वेळेचं होतं. नीट हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, शिवाय बेसिनपर्यंत जाणं-येणं. एका परिचारिकेने प्रत्येक रुग्णानंतर तसं करायचं ठरवलं तर तिची अर्धी पाळी बेसिनपाशीच जाईल. अल्कोहोल वीस-तीस सेकंदांत काम करतं, तेही खाटेपाशी उभं राहून. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांनी खाटेपाशी बाटल्या ठेवल्या, लोक हात स्वच्छ करायला लागले, आणि रुग्णालयात लागणारे संसर्ग कमी झाले. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने पुढे जी कृती दिली तीत ८० टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरॉल, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उरलेलं पाणी आहे. लोक विचारतात, शंभर टक्के का नाही? कारण जंतूंमधली प्रथिनं बिघडवायला अल्कोहोलला पाण्याची साथ लागते, आणि शुद्ध अल्कोहोल काम व्हायच्या आत उडून जातं. फ्लूचा विषाणू किंवा करोनाचा विषाणू यांच्यावर चरबीचं वेष्टण असतं. ते अल्कोहोलने विरघळतं, साबणानेही विरघळतं. ऱ्हायनोव्हायरसला मात्र असं वेष्टण नाही, म्हणून तो अल्कोहोलला जास्त चिवट.

आपल्या भागात ही बाटली घरोघरी पोचली ती दोन लाटांत. पहिली २००९ची. ३ ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतरच्या दिवसांत शाळा आणि सिनेमागृहं बंद झाली, आणि औषधांच्या दुकानांपुढे मास्कसाठी रांगा लागल्या. सॅनिटायझर हा शब्द अनेक मराठी घरांनी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. दुसरी लाट २०२०च्या मार्चमधली. सरकारने सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंत घातलं, २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपयांची कमाल किंमत ठरवली, आणि आपल्या साखर कारखान्यांनी मद्यार्कापासून सॅनिटायझर बनवायला घेतलं. तेव्हापासून गाडीत, पर्समध्ये, देव्हाऱ्याशेजारी सगळीकडे बाटली आली. आणि बेसिनपाशी जायची सवय थोडी सुटली. इथे खरी गोष्ट सुरू होते.

२०१९ साली, म्हणजे करोनाच्या थोडं आधी, जपानमध्ये क्योटोत र्योहेई हिरोसे यांच्या गटाने एक प्रश्न विचारला, जो आधी कुणी नीट विचारला नव्हता. प्रयोगशाळेत सॅनिटायझर तपासताना विषाणू बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यात मिसळून घेतात. पण खऱ्या आयुष्यात तो मिठाच्या पाण्यात येतो का? तो येतो शेंबडात आणि कफात. म्हणून त्यांनी फ्लूच्या विषाणूसाठी रुग्णांचा कफ वापरला आणि बोटांवर लावून बघितलं.

निकाल असा. मिठाच्या पाण्यातला विषाणू ८० टक्क्यांच्या आसपासच्या इथेनॉलने अर्ध्या मिनिटात निकामी झाला. कफ बोटावर पूर्ण वाळला असेल, तरीही अर्धं मिनिट पुरलं. पण कफ ओला असेल तर दोन मिनिटांनंतरही जिवंत विषाणू शिल्लक होता. पूर्ण निकामी व्हायला चार मिनिटांच्या आसपास लागली. आणि वाहत्या पाण्याखाली, साबणसुद्धा न लावता, हात धुतले तर? अर्ध्या मिनिटात काम झालं.

हे असं का होतं? ओला शेंबूड हा जेलीसारखा असतो. अल्कोहोल त्यात शिरतं, पण फार सावकाश. आणि शिरता शिरता त्यातल्या पाण्याने पातळही होतं. बाहेरून आपल्याला वाटतं हात ओला झाला, थंड लागला, म्हणजे काम झालं. पण आत विषाणू गादीवर झोपल्यासारखा सुरक्षित. पाणी मात्र त्याला मारायच्या भानगडीत पडत नाही, ते गादीसकट उचलून मोरीत नेऊन टाकतं. सेमेलवाइस म्हणाले होते, धुणं पुरत नाही, मारावं लागतं. ओल्या शेंबडाच्या बाबतीत ते उलटं झालं. मारणं जमत नाही, म्हणून धुवावं लागतं.

अर्थात हा बोटांवरचा प्रयोग होता. त्यावरून किती लोक आजारी पडले असते हे सांगता येत नाही. पण घरातला एक प्रसंग यावर घासून बघा.

समजा घरात तीन वर्षांचं नातवंड आहे, नाक वाहतंय. आजीने दोन बोटांनी नाक पुसलं. बोटं ओली आहेत. समोर टेबलावर बाटली आहे, बेसिन चार पावलांवर. आजी कणीक भिजवायला निघाली आहे. इथे बाटलीचा एक दाब घेऊन दहा सेकंद चोळलं तर काय होईल? शेंबूड दोन बोटांवरून दहा बोटांवर पसरेल, आणि मनाला मात्र वाटेल की हात स्वच्छ झाले. इथे बेसिनच हवं. नळ सोडायचा, हात ओले करायचे, साबणाचा फेस करायचा, नळ बंद करून नखं आणि बोटांची टोकं दुसऱ्या तळहातावर घासायची, मग अंगठे, मग बोटांच्या खाचा, मागची बाजू, तळहात, मनगट. वीसेक सेकंद घासणं, मग धुणं, मग स्वच्छ कोरड्या नॅपकिनला पुसणं. ज्या पदराने नाक पुसलं त्याला नाही. नळाला पाणी नसेल तर बादलीत हात बुडवायचे नाहीत, कुणाला तरी तांब्याने वरून पाणी घालायला सांगायचं. बादलीत बुडवलं की वाहतं पाणी उरत नाही, उचललेलं तिथेच राहतं.

आता दुसरा प्रसंग. तीच आजी बसमधून उतरली. हाताला दांडा लागलाय, सीट लागलीय, दिसण्यासारखी घाण नाही, हात कोरडा आहे, आणि नळ कुठे जवळ नाही. इथे बाटली उत्तम. पण तिलाही तंत्र आहे. तळहाताच्या खोलगट भागात साधारण तीन मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. बहुतेक बाटल्यांचा एक दाब त्यापेक्षा कमी देतो. तेच सहा चित्रांचं चोळणं, नखं आधी. आणि पुरेसं घेतलं की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. हात वीस सेकंद ओला राहिला पाहिजे. दहा सेकंदांत कोरडा झाला तर कमी घेतलं, पुन्हा घ्या. पूर्ण वाळेपर्यंत पुसायचं नाही, झटकायचं नाही.

इथपर्यंत प्रयोगशाळा झाली. पण माणसं खरोखर कमी आजारी पडतात का? त्यासाठी दोन गावांकडे बघू.

पहिलं कराची. २००२-०३ साली तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये स्टीफन लूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभर अभ्यास केला. काही वस्त्यांत घरोघरी साबण मोफत दिला आणि दर आठवड्याला कार्यकर्ते जाऊन हात धुण्याबद्दल बोलत राहिले. काही वस्त्या तुलनेसाठी होत्या. शिकवलेली रीत अगदी साधी होती. हात ओले करा, पूर्ण फेस करा, पंचेचाळीस सेकंद चोळा, धुवा. लोक हात पुसायचे ते बहुतेक अंगावरच्या कपड्यालाच. तरीही, पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया साबणाच्या घरांत निम्म्याने कमी झाला. निम्म्याने! आणि जंतुनाशक साबण आणि साधा साबण यांत काही फरक दिसला नाही. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. आपल्यासाठी हा पुरावा फार मोलाचा आहे, कारण ती घरं आपल्या अनेक वस्त्यांसारखी होती, पाणी जेमतेम, गर्दी भरपूर.

दुसरं गाव स्पेनमधलं अल्मेरिया. तिथल्या चोवीस पाळणाघरांत तीन वर्षांखालची नऊशेच्या वर मुलं आठ महिने बघितली गेली. काही पाळणाघरांना साबण-पाण्याचं शिक्षण, काहींना सॅनिटायझरचं, काही तशीच. २०१८ साली निकाल आला आणि तो कराचीच्या अगदी उलटा वाटेल. साबणाच्या गटात श्वसनाचे संसर्ग सॅनिटायझरच्या गटापेक्षा सुमारे एकवीस टक्के जास्त झाले. इथे बाटली जिंकली.

मग क्योटो चुकलं का? नाही. जरा डोळ्यांसमोर आणा. दोन बाई आणि दहा-बारा रांगणारी मुलं. एका मुलाला उचलून बेसिनपाशी न्यायचं, बाही वर करायची, धुवायचं, पुसायचं, तोवर मागे दोघांनी एकमेकांच्या तोंडात खेळणं घातलेलं. दिवसातून किती वेळा जमेल? बाटली घेऊन मोठ्या माणसाने मुलांपाशी जायचं, हे जमतं. आमच्या मते हेच कारण असावं. कराचीत घरात साबण नव्हता, तो आला आणि सवय आली. अल्मेरियात बेसिन होतं पण हात पुरत नव्हते, बाटलीने फेऱ्या वाचवल्या. दोन्हीकडे जिंकली ती त्या ठिकाणी दहा वेळा करता येण्यासारखी गोष्ट.

आणि दोघंही हरल्याचं उदाहरणही सांगायला हवं. व्हर्जिनियात, जिथून आपण सर्दीची गोष्ट सुरू केली तिथेच, २०१२ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ऱ्हायनोव्हायरसवर प्रयोगशाळेत उत्तम ठरलेलं, मुद्दाम आम्लं घातलेलं अल्कोहोलचं लोशन लोकांना दिलं. जागेपणी दर तीन तासांनी लावायचं. शंभरामागे ४२ संसर्ग झाले. ज्यांनी लावलं नाही त्यांच्यात ५१. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतकाच. हातावरचा विषाणू मेला, पण माणसाला सर्दी झालीच. विस्कॉन्सिनचा पत्त्यांचा डाव आठवतो ना? हवेतून.

जगभरच्या अशा चाचण्या एकत्र करून २०२३ साली जो आढावा निघाला, त्यात हात स्वच्छ ठेवण्याने श्वसनाचे तीव्र आजार सुमारे चौदा टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं. सातांतला एक आजार टळतो म्हणा. हे लहान नाही. पण उरलेल्या सहांसाठी खिडकी उघडावी लागेल, मास्क लागेल, लस लागेल, आणि ताप असलेल्या मुलाला घरी ठेवावं लागेल. २०२० साली आपण दारात हातावर थेंब घेतला आणि मग आत बंद हॉलमध्ये दोनशे माणसांत बसलो. तो थेंब खोटा नव्हता, पण त्याच्यावर टाकलेलं ओझं त्याला पेलणारं नव्हतं.

थोडक्यात सांगायचं तर प्रश्न 'साबण की सॅनिटायझर' असा नाहीच. प्रश्न असा विचारायचा, हात ओला-चिकट आहे की कोरडा? शिंक हातावर आली, नाक पुसलं, खोकताना तोंडावर हात धरला, तर बेसिन. कोरडा हात आणि नळ लांब, तर बाटली. आणि दोन्हीकडे आधी बोटांची टोकं.

तुमची बोटं सुटतात का, हे बघायचं असेल तर टेलरबाईंचा प्रयोग घरी करा. खोबरेल तेलाच्या दोन थेंबांत थोडं काजळ मिसळा, हातभर चोळा, आणि डोळे मिटून नेहमीसारखे साबणाने हात धुवा. मग उजेडात बघा. नखांच्या कडा आणि अंगठ्याचं मूळ बहुधा काळंच दिसेल. आमचंही दिसलं होतं.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांतून आलेला एक प्रश्न)

एक ताई: "सर, आम्ही हात धुऊन लगेच वर सॅनिटायझर पण लावतो. डबल सुरक्षा म्हणून. ते बरोबर ना?"

ताई, घरात त्याची गरज नाही. आणि हात नीट पुसलेले नसतील तर उलट नुकसान. हातावरच्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं आणि ८० टक्क्यांचं कितीवर येईल ते सांगता येत नाही. शिवाय दिवसभर असं केलं तर कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, आणि भेगाळलेला हात धुवायला माणूस टाळाटाळ करतो. एकच करा, पण पूर्ण करा. आणि त्या शाळेच्या शिपाईकाकांना आम्ही पुढच्या वेळी साबणाच्या चार वड्या नेऊन दिल्या. पोस्टर त्यांनी काढलं नाही, पण ते म्हणाले, "आता पोस्टरला काम मिळालं बघा."